जाहिराती घटल्या म्हणजे सिलेनियमची मागणी घटली का?

प्रश्न: पुण्यात मॅन्युअल टेस्टिंगमध्ये चार वर्षं काढली, आता सिलेनियम हे वेबसाइटची टेस्टिंग आपोआप चालवणारं टूल शिकतोय. मे महिन्यापासून नोकरीच्या एका साइटवर पुण्यासाठी ‘सिलेनियम’ शोधून किती जाहिराती दिसतात ते दर महिन्याला लिहून ठेवलंय: मे ४१२, जून ४३१, जुलै ४४७, ऑगस्ट ४३८, सप्टेंबर ४०१, ऑक्टोबर ३५२, नोव्हेंबर ३१८. शेजारी टेस्टिंगच्या एकूण जाहिरातीही लिहिल्यात: १०३०, १०७५, ११३०, ११२०, १०५०, ९०५, ८४५. ऑगस्टपासून प्लेराइट हे त्याच कामाचं नवं टूलही बघतोय: ६१, ६६, ६४, ६८. आलेख काढला तर सिलेनियमची रेघ जुलैनंतर सरळ खाली जाते. मित्र म्हणतात सोड, प्लेराइट धर. आलेखावरून तसंच म्हणायचं का?

उत्तर:

नाही. तुमच्या वहीतला सगळ्यात कामाचा रकाना दुसरा आहे, एकूण टेस्टिंगचा. बहुतेक जण तो लिहीतच नाहीत आणि मग हाताशी एक घसरलेली रेघ उरते, जिच्यावरून काहीच ठरवता येत नाही. तुम्ही तो लिहिलाय म्हणून सांगता येतं की पुण्यात टेस्टिंगची भरतीच थंडावली आहे आणि सिलेनियम तिच्याबरोबर खाली आलंय. त्याची स्वतःची घट असलीच तर किरकोळ आहे. प्लेराइट मात्र, तुमच्या रेघेत सपाट दिसत असलं तरी, वाढत असावं.

हे काढायला एक भागाकार पुरतो. दर महिन्याच्या सिलेनियमच्या आकड्याला त्याच महिन्याच्या एकूण आकड्याने भागा. एक्सेलमध्ये महिना पहिल्या रकान्यात, सिलेनियम दुसऱ्यात आणि एकूण तिसऱ्यात असेल तर चौथ्यात हिस्सा आणि पाचव्यात तीन महिन्यांची सरासरी अशी येईल:

```
D2: =B2/C2
E4: =AVERAGE(D2:D4)
```

तुमच्या आकड्यांचे हिस्से असे निघतात:

| महिना | सिलेनियम | एकूण | सिलेनियमचा हिस्सा | प्लेराइटचा हिस्सा |
|---|---|---|---|---|
| मे | ४१२ | १०३० | ४०.०% | |
| जून | ४३१ | १०७५ | ४०.१% | |
| जुलै | ४४७ | ११३० | ३९.६% | |
| ऑगस्ट | ४३८ | ११२० | ३९.१% | ५.४% |
| सप्टेंबर | ४०१ | १०५० | ३८.२% | ६.३% |
| ऑक्टोबर | ३५२ | ९०५ | ३८.९% | ७.१% |
| नोव्हेंबर | ३१८ | ८४५ | ३७.६% | ८.०% |

जुलै ते नोव्हेंबर सिलेनियमच्या १२९ जाहिराती घटल्या, म्हणजे जवळजवळ २९ टक्के. ऐकायला भयंकर वाटतं. पण जुलैचा हिस्सा जसाच्या तसा राहिला असता तरी नोव्हेंबरच्या ८४५ जाहिरातींत सिलेनियमच्या ३३४ च्या आसपास दिसल्या असत्या. म्हणजे १२९ पैकी ११३ जाहिराती बाजार आटल्यामुळे गेल्या. सिलेनियमच्या स्वतःच्या खात्यावर फक्त १६ पडतात. तुमचे मित्र त्या ११३ बघून बोलताहेत.

प्लेराइटची गोष्ट नेमकी उलटी. नुसते आकडे बघितले तर ६१ वरून ६८, काही घडलंच नाही असं वाटतं. पण एकूण जाहिराती चौथाईने कमी होत असताना जी गोष्ट जागेवर टिकते ती आतून वाढत असते. ऑगस्टच्याच हिश्शाने नोव्हेंबरमध्ये तिच्या ४६ जाहिराती यायला हव्या होत्या, आल्या ६८.

आता या फरकांवर विश्वास किती ठेवायचा? जाहिराती मोजताना थोडाफार चढउतार आपोआपच होतो. एखाद्या कंपनीने जाहिरात दोन दिवस उशिरा टाकली तरी आकडा हलतो. ढोबळ अंदाजासाठी जो आकडा अपेक्षित होता त्याचं वर्गमूळ काढा. फरक त्या वर्गमुळाच्या दुपटीपेक्षा कमी असेल तर त्याच्यावरून वाद घालू नये. सिलेनियमला ३३४ अपेक्षित होत्या, वर्गमूळ साधारण १८, फरक १६. म्हणजे ही घट आहे असं छातीठोकपणे म्हणताच येत नाही. तीन-तीन महिन्यांची सरासरी घेतली तर ३९.९ वरून ३८.२ वर आलंय, तेव्हा उतार असलाच तर अगदी सौम्य आहे. प्लेराइटला ४६ अपेक्षित, वर्गमूळ सातच्या जवळ, फरक २२. हा तिप्पट दिसतो. पण ऑगस्टचा ६१ हा आकडासुद्धा तेवढाच डळमळीत आहे, म्हणून त्याला दुप्पट समजा. दखल घ्यावी एवढं नक्की आहे, नोकरीची दिशा बदलावी एवढं नाही.

शिवाय वर्गमुळाचा हा हिशेब प्रत्येक जाहिरात स्वतंत्र आहे असं धरून चालतो, आणि आपल्याकडे ती तशी नसते. एखाद्या मोठ्या कंपनीला एका प्रोजेक्टसाठी टेस्टर हवे असतात, ती गरज चार-पाच कन्सल्टन्सींकडे जाते आणि प्रत्येक जण आपापल्या नावाने जाहिरात टाकतो. ‘आमच्या क्लायंटसाठी, हिंजवडी, १५ दिवसांत जॉइन होणारे हवेत’ अशा पाच जाहिराती दिसतात आणि मागे ओपनिंग एकच असतं. त्यात एकाच जाहिरातीवर पुणे, बेंगळुरू, हैदराबाद आणि चेन्नई अशी चारही नावं टाकलेली असतात, म्हणजे ती चारही शहरांच्या आकड्यांत मोजली जाते. म्हणून महिन्यातून एकदा पहिल्या ५० जाहिराती उघडून त्यांत वेगवेगळ्या कंपन्या किती आहेत ते मोजा. पन्नासात तीस असतील आणि दर महिन्याला तीसच्या आसपासच राहत असतील तर हिश्शाला धोका नाही, कारण फुगवटा वर आणि खाली सारखाच आहे. तिसावरून एकदम अठरावर आल्या तर त्या महिन्याचा आकडा कोणा एकाच्या घाऊक भरतीचा आहे. त्याच्यावर खूण करून ठेवा.

यापेक्षा मोठी गोची वेगळीच आहे. साइट दाखवते तो आकडा त्या क्षणी फलकावर लागलेल्या जाहिरातींचा असतो. त्यातल्या काही कालच्या, काही दीड महिन्यापूर्वीच्या. समजा दर आठवड्याला ८० नव्या जाहिराती येतात आणि प्रत्येक चार आठवडे राहते, तर कधीही बघा, ३२० दिसतील. आता समजा आठवड्याला फक्त ४० येतात, पण माणसं मिळत नसल्यामुळे किंवा कोणी काढायची तसदी घेत नसल्यामुळे प्रत्येक आठ आठवडे लटकते. तेव्हाही ३२० च दिसतील. मागणी निम्मी झाली तरी तुमच्या वहीत काही बदलणार नाही. जुन्या पडत चाललेल्या कौशल्यांत हे हमखास होतं. येणारी माणसं कमी, म्हणून जागा लवकर भरत नाहीत आणि जाहिरात तशीच राहते.

उपाय सोपा आहे. जाहिरात किती जुनी आहे याची चाळणी बहुतेक साइटवर असते. लिंक्डइनवर २४ तास, आठवडा आणि महिना असे पर्याय आहेत. आठवड्याची चाळणी लावा आणि एकूण आकड्याच्या शेजारी तो नवा आकडाही लिहा. महिन्यातून एकदा न मोजता दर आठवड्याला, ठरलेल्या वारी मोजा. मी मंगळवार किंवा बुधवार धरतो, कारण सोमवारी शनिवार-रविवारचा साचलेला ढीग अजून येत असतो. चार आठवड्यांची बेरीज म्हणजे तुमचा महिना. ही चाळणीही पूर्ण शुद्ध नसते. रिक्रूटर जुनीच जाहिरात पुन्हा ताजी करतात आणि तिच्यावर आजची तारीख चढते. पण तीही सवय सिलेनियमला आणि एकूण टेस्टिंगला सारखीच लागू असते, त्यामुळे भागाकारात बरीचशी विरून जाते.

साइटने शोधाची पद्धत बदलली तर मात्र वेगळी काळजी घ्यावी लागते. एका रात्रीत सगळे आकडे तिसऱ्या हिश्शाने वाढले किंवा पडले तर बाजारात काही झालेलं नसतं. ते ओळखायला टेस्टिंगशी संबंध नसलेला एक शब्द पहारेकरी म्हणून ठेवा. मी ‘नर्स’ ठेवतो. ज्या आठवड्यात सिलेनियम, प्लेराइट आणि नर्स तिन्ही एकदम उडी मारतात, त्या आठवड्यानंतरची रेघ आधीच्या रेघेला जोडायची नाही, नवीन सुरू करायची.

आता जाहिराती वाचण्याबद्दल, कारण मोजणीने जे कळत नाही ते इथे कळतं. सिलेनियम शोधल्यावर येणाऱ्या ४० जाहिराती घ्या आणि तो शब्द वाक्यात कुठे बसलाय ते बघा. काही जाहिरातींत ‘सिलेनियम वेबड्रायव्हर आणि जावा, किमान तीन वर्षं’ असं असेल. ही खरी मागणी. काहींत ‘सिलेनियम, सायप्रेस किंवा प्लेराइट यांपैकी कोणतंही एक’ असेल. ही मागणी ऑटोमेशनची आहे आणि ती तिन्ही शब्दांच्या शोधात मोजली जाते. आणि काहींत असेल ‘सिलेनियमचे सध्याचे स्क्रिप्ट प्लेराइटवर हलवण्याचा अनुभव’. इथे कंपनी सिलेनियमला निरोप देत आहे आणि तुमच्या वहीत मात्र ती सिलेनियमची एक जाहिरात म्हणून जमा होते. मावळत्या कौशल्याचा आकडा या तिसऱ्या प्रकारामुळे काही काळ फुगतोसुद्धा.

चौथा प्रकार निव्वळ आळसाचा. एचआरकडे वर्षानुवर्षांचा जेडी, म्हणजे कामाचं छापील वर्णन, पडलेला असतो, तोच चिकटवला जातो. क्यूटीपी या जुन्या टेस्टिंग टूलचं नाव एचपीने २०१२ च्या सुमारास बदलून यूएफटी केलं, तरी ‘क्यूटीपी/यूएफटी’ लिहिलेले जेडी अजून फिरताहेत. अशा जाहिरातीत दहा-बारा टूल्सची माळ असते आणि कोणतं खरंच लागतं ते मुलाखतीतच कळतं. माळेतला सिलेनियम मोजू नका.

चाळिसांपैकी पहिल्या प्रकारच्या किती, हा आकडा तीन महिन्यांतून एकदा काढलात तरी चालेल. समजा आज २४ निघाल्या आणि मार्चमध्ये १४. तर वरचा हिस्सा ३८ टक्क्यांवर ठाण मांडून बसला असला तरी आतून पोखरलं जातंय असं समजा. माझ्या कामात हा संकेत रेघेच्या आधी दिसतो. कंपनीचा आर्किटेक्ट नव्या प्रोजेक्टसाठी आधी ‘यांपैकी एक’ म्हणायला लागतो, मग हलवण्याचं काम निघतं, आणि शब्द जेडीतून पुसला जातो तो सगळ्यात शेवटी.

तुमच्यासाठी अनुभवाच्या वर्षांची फोडही तितकीच महत्त्वाची आहे. एकूण आकड्यात शून्य ते तीन वर्षं, तीन ते सहा आणि त्यापुढचे असे तिन्ही थर मिसळलेले असतात. कौशल्य ओसरायला लागलं की खालचा थर आधी सुकतो. जुनं फ्रेमवर्क सांभाळायला कंपनीला आठ वर्षं अनुभवाचा माणूस हवा असतो, पण नव्या पोराला त्यात कशाला घडवा, असा विचार होतो. तुमची चार वर्षं मॅन्युअलची आहेत, ऑटोमेशनमध्ये तुम्ही खालच्याच थरात धरले जाल. म्हणून तीन वर्षांपर्यंतची चाळणी लावून सिलेनियम आणि एकूण टेस्टिंग, दोन्ही मोजा आणि पुन्हा तोच भागाकार करा. तिथला हिस्सा ३८ च्या बराच खाली असेल तर ती गोष्ट तुमच्या आलेखापेक्षा जास्त गंभीरपणे घ्या. आकडे लहान असतील, म्हणून एका महिन्यावर न जाता तीन महिन्यांची बेरीज घ्या.

हंगामाचं बघू. तुमच्या सात महिन्यांत मे-जुलैचा चढ आणि दिवाळीचा उतार दोन्ही आलेत. आपल्याकडे मार्च-एप्रिलला आर्थिक वर्ष बदलतं, अप्रेझल आणि बोनस झाले की लोक राजीनामे देतात आणि त्यांच्या जागांच्या जाहिराती पुढच्या महिन्यांत दिसतात. ऑक्टोबरपासून सणवार, पाठोपाठ अमेरिकी क्लायंटच्या सुट्ट्या आणि संपत आलेलं बजेट. म्हणजे जुलैची नोव्हेंबरशी तुलना करणं मुळातच धोक्याचं. नोव्हेंबरची तुलना मागच्या नोव्हेंबरशी व्हावी आणि त्यासाठी किमान तेरा महिने हवेत. त्यातही दिवाळी सरकते: २०२३ मध्ये नोव्हेंबरच्या मध्याला होती, २०२४ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. म्हणून वर्षावर वर्ष ठेवताना ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकत्र धरा. हिश्शाला हा त्रास कमी, कारण दिवाळीत सिलेनियम आणि बाकीचं टेस्टिंग दोन्ही सुट्टीवर असतात.

बाजार खरंच आटलाय की फक्त तुमच्या साइटवर, हे पडताळायला नोकरी डॉट कॉमचा दर महिन्याला येणारा जॉबस्पीक निर्देशांक बघा, त्यात आयटी वेगळं दिलेलं असतं. पुण्यातलं बरंच काम अमेरिकेतून येतं, म्हणून इंडीडच्या हायरिंग लॅबचा तिथल्या सॉफ्टवेअर डेव्हलपमेंटच्या जाहिरातींचा निर्देशांकही उपयोगी पडतो. १ फेब्रुवारी २०२० ची पातळी १०० धरून तो मोजतात आणि हंगामाचा परिणाम त्यातून वजा केलेला असतो. २०२२ च्या सुरुवातीला तो २०० च्या वर होता आणि २०२३ मध्ये १०० च्या खाली उतरला. त्या दीड-दोन वर्षांत तिथे कोणत्याही एका प्रोग्रॅमिंग भाषेच्या जाहिराती मोजत बसलेल्याला ती भाषा मरतेय असंच वाटलं असतं, मग ती कोणतीही असो.

आलेखाबद्दल एकच सांगतो. उभा अक्ष ३०० च्या जवळून सुरू झाला असेल तर तुमची रेघ कड्यावरून कोसळल्यासारखी दिसते. अक्ष शून्यापासून घ्या आणि जाहिरातींच्या संख्येऐवजी हिस्सा आखा. सिलेनियम जवळजवळ आडवं दिसेल.

तर करायचं काय? सिलेनियम शिकताय ते सोडू नका. ३१८ विरुद्ध ६८ हा फरक अजून फार मोठा आहे. मात्र त्या ६८ जाहिराती एकदा उघडून त्यांत सिलेनियमही मागितलंय अशा किती ते मोजा. निम्म्याहून जास्त असतील तर तुमची शिकण्याची दिशा आपोआप ठरते: आधी सिलेनियम नीट, मग त्याच टेस्ट प्लेराइटमध्ये लिहून बघणं. लोकेटर, वेट, पेज ऑब्जेक्ट, सीआयमध्ये टेस्ट चालवणं हे सगळं दोन्हीकडे लागतं. भाषेचा प्रश्न तेवढा उरतो. सिलेनियमच्या जाहिरातींत जावा मागतात आणि प्लेराइटच्या जाहिरातींत बऱ्याचदा टाइपस्क्रिप्ट. म्हणून त्या ६८ मध्ये भाषा कोणती मागितलीय तेही लिहून ठेवा.

खरा निकाल भरती पुन्हा उघडेल तेव्हा लागेल. पडत्या बाजारात सगळंच पडतं, त्यामुळे कोण स्वतःच्या दुखण्याने पडतंय ते दिसत नाही. समजा मार्चपर्यंत एकूण टेस्टिंग परत ११०० वर गेलं. सिलेनियम ठणठणीत असेल तर ते ४१८ च्या जवळ, म्हणजे ३८ टक्क्यांवर परतायला हवं. ते ३४० वरच अडकलं तर हिस्सा ३१ टक्के झाला. हा फरक वर्गमुळाच्या हिशेबात कुठेच बसत नाही, आणि तेव्हा मीसुद्धा तुमच्या मित्रांच्या बाजूने बोलेन. तोपर्यंत तिन्ही रकाने आठवड्याला एकदा, त्याच साइटवर, त्याच शब्दांनी आणि त्याच चाळणीने भरत राहा. शोधताना लॉगिन केलेलं नको, कारण तुमची प्रोफाइल बघून साइट निकाल बदलत असेल तर आकड्यात तुमचीच भर पडते.